बोअरमध्ये नवीन मोटार सोडली तेव्हा काय काय केलं (कॉलम पाईप, एनआरव्ही, दोर आणि केबलच्या क्लिपा)

सिन्नर तालुक्यात आमची थोडी डाळिंबाची बाग आणि बाकी कांदा, पाणी सगळं एका बोअरवर. मेमध्ये मोटार बंद पडली, स्टार्टर लावला की लगेच ट्रिप. मिस्त्रीला बोलावलं, घोडी उभी केली, चेन पुली लावली आणि जुना माल वर काढला. वडिलांच्या काळात कोणीतरी बसवलेला सेट होता तो, जीआय पाईपचा, आणि वर येता येता एकेक गोष्ट दिसत गेली. सॉकेटच्या कडेला केबल घासून घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. केबल पाईपला बायंडिंग तारेने बांधलेली, ती तारही काही ठिकाणी केबलच्या आवरणात रुतलेली. दोर करंगळीएवढा बारीक, हाताने चोळला तर भुगा होत होता, आणि खालच्या टोकाला त्याचं वेटोळं पंपाभोवती बसलेलं. ही मोटार सुखरूप वर आली हे नशीबच म्हणायचं. शेजारच्या आबांची मोटार अशीच काढताना दोराच्या वेटोळ्यामुळे खडकात अडकली होती, शेवटी ती तिथंच सोडून त्यांना नवीन बोअर मारावा लागला.

म्हणून ठरवलं की या वेळी सगळं नीट समजून घेऊन करायचं, आणि ते लिहूनही ठेवायचं. बोअरमध्ये पाईप, दोर आणि केबल या तीन गोष्टी शेजारी शेजारी लटकतात, आणि कोणी किती वजन पेलायचं हे ठरलेलं असतं. वजन पाईप पेलतो. पाईप तुटला तर दोर पेलतो. केबलने स्वतःचंही वजन पेलायचं नाही, ते जागोजागी पाईपवर टाकायचं. आमच्या जुन्या सेटमध्ये जे जे बिघडलं होतं ते सगळं यातलं काहीतरी चुकल्यामुळेच.

आधी बोअरबद्दल सांगतो. साडेसहा इंची बोअर, खोली 240 फूट, वरचे 30 फूट मुरूम म्हणून केसिंग, त्याखाली उघडा काळा खडक. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याने तेव्हा लिहून दिलं होतं की पहिलं पाणी 95 फुटांवर लागलं, दुसरं मोठं पाणी 170 वर. नवीन मोटार घ्यायच्या आधी मिस्त्रीची टेस्टिंगची मोटार एचडीपीई पाईपवर 190 फुटांवर सोडली, भाडं देऊन. त्याआधी नायलॉनच्या दोरीला लोखंडी तुकडा बांधून तळ मोजला तर 240 चा बोअर 228 वरच लागला, म्हणजे खाली 12 फूट गाळ बसलेला. हे मोजल्याशिवाय जुन्या कागदावर भरवसा ठेवून मोटार सोडली आणि ती गाळात बसली तर मोटारीला थंड पाणीच मिळत नाही.

टेस्टिंगच्या मोटारीबरोबर मी ड्रिपची बारीक 6 एमएमची नळी सोडली होती, टोक 185 फुटांवर. वरच्या टोकाला टी लावून एका बाजूला सायकलचा पंप आणि दुसऱ्या बाजूला प्रेशर गेज. हवा मारत राहायची, नळीतलं पाणी पूर्ण बाहेर ढकललं गेलं की गेजचा काटा वर जायचा थांबतो, आणि तो आकडा म्हणजे नळीच्या टोकावर किती पाणी उभं आहे त्याचा दाब. 1 किलो दाब म्हणजे साधारण 33 फूट पाणी. मोटार बंद असताना काटा पावणेचार किलोच्या जवळ होता, म्हणजे पाणी 60 फुटांवर उभं. मोटार तीन तास सलग चालवल्यावर काटा 1.65 वर येऊन थांबला, म्हणजे नळीच्या टोकावर 55 फूट पाणी, म्हणजेच पातळी 130 फुटांवर स्थिरावली. पाणी मोजलं 200 लिटरच्या ड्रमने, सव्वादोन मिनिटांत भरला, म्हणजे सेकंदाला दीड लिटर. भर मेमधले आकडे असल्यामुळे त्यांच्यावर विसंबायला हरकत नव्हती.

आता मोटार किती खोल सोडायची. गावात सगळे एकच सांगतात, जेवढी खाली तेवढी चांगली. मला ते पटत नाही, आणि कारण आहे. सबमर्सिबलमध्ये पंप वर आणि मोटार खाली असते, पाणी दोघांच्या मधल्या जाळीतून आत जातं. मोटार थंड राहते ती तिच्या अंगावरून वर सरकणाऱ्या पाण्याने. आपण मोटार 200 फुटांवर सोडली आणि सगळं पाणी 170 च्या वरून येत असलं, तर ते वरूनच खाली येऊन सरळ जाळीत शिरतं आणि जाळीच्या खाली मोटारीभोवतीचं पाणी तसंच उभं राहतं. भरपूर पाण्यात बुडालेली मोटारही मग तापून जळते. आमची जुनी मोटार 200 वरच होती आणि तिच्या अंगावर क्षाराचा जाड पांढरा थर होता, तो तापल्याशिवाय असा बसत नाही. म्हणून नवीन मोटार 160 फुटांवर घेतली. मोठा झरा 170 वर, मोटारीचं बूड साधारण 163-164 वर, म्हणजे झऱ्याचं पाणी खालून मोटारीला घासत वर येणार. चालू असताना पातळी 130, म्हणजे पंपावर 30 फूट पाणी शिल्लक. ज्यांच्या बोअरला सगळं पाणी वरूनच येतं आणि मोटार खाली सोडण्याशिवाय इलाज नाही त्यांनी मोटारीवर पाच इंची पीव्हीसी पाईपचं आवरण चढवायचं, वरून जाळीच्या वर बंद आणि खालून उघडं, म्हणजे पाण्याला मोटारीच्या खालून वळसा घालूनच जाळीपर्यंत यावं लागतं. साडेसहा इंची बोअरमध्ये चार इंची मोटारीवर हे आवरण बसतं, सहा इंची मोटार असेल तर जागाच उरत नाही.

पंप घेतला चार इंची, 3 एचपी, थ्री फेज. हिशोब असा, पातळी 130 फूट म्हणजे 40 मीटर, वरच्या टाकीपर्यंत चढ 12 मीटर, पाईपातलं घर्षण साधारण 6 मीटर, मिळून 58 मीटर हेड, आणि त्या हेडला सेकंदाला दीड लिटर. दुकानदार 5 एचपी घ्या म्हणत होता, पण बोअरच सेकंदाला दीड लिटर देतोय तर मोठी मोटार फक्त पातळी लवकर खाली नेणार आणि कोरडी चालणार.

रायझिंग पाईपला दीड इंची यूपीव्हीसीचा कॉलम पाईप घेतला, 10 फुटांचे 16 नग. जीआय गंजतो आणि खूप जड पडतो. एचडीपीईचा रोल स्वस्त आहे, सोडायलाही पटकन होतो, पण तो वजनाने थोडा लांबतो आणि मोटार चालू होताना पिळतो, मग दोर आणि केबल त्याच्याभोवती गुंडाळले जातात. कॉलम पाईपला चौकोनी आटे असतात, सॉकेटमध्ये रबरी रिंग असते, पाणी ती रिंग अडवते आणि वजन आटे पेलतात. म्हणून आट्यांना दोरा, सफेदा, ऑइल काही लावायचं नाही, फक्त साबणाचं पाणी. ऑइल-ग्रीसने रिंग फुगते आणि खराब होते. मिस्त्रीचा पोरगा सवयीने दातेरी पाईप पाना घेऊन आला, त्याला थांबवलं. दात लागले की यूपीव्हीसीवर ओरखडा पडतो आणि लटकत्या वजनाखाली पाईप तिथूनच चिरतो. पट्ट्याचा पाना वापरायचा.

एकूण वजनाचा अंदाज मी आधीच काढला होता. पाईप 45 किलोच्या आसपास, पंप-मोटार 35, केबल 10, आणि पाईपात भरलेलं पाणी. दीड इंची पाईपात मीटरला सव्वा लिटर धरलं तर 49 मीटरला 61 लिटर, म्हणजे 61 किलो. सगळं मिळून दीडशे किलो. यातलं बुडालेल्या भागाचं बरंचसं वजन बोअरचं पाणी पेलतं, पण चालू मोटारीत पातळी खाली गेली की ते पुन्हा पाईपवर येतं, म्हणून हिशोब पुरत्या वजनाचाच धरायचा. क्लॅम्प, चेन पुली, घोडी, दोर सगळं त्यावर.

पाईपात पाणी भरलेलं राहतं ते एनआरव्हीमुळे, म्हणजे पाणी फक्त वर जाऊ देणाऱ्या झडपेमुळे, आणि इथंच मिस्त्रीशी माझी सगळ्यात जास्त चर्चा झाली. पंपाच्या तोंडात कंपनीचा एक एनआरव्ही असतोच. मला दुसरा हवा होता, पहिल्या पाईपच्या वर. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, दुसरा लावायचाच तर वर बोअरच्या तोंडाशी लावू, खराब झाला तर दहा मिनिटांत बदलता येतो.” ऐकायला बरोबर वाटतं. पण खालचा एनआरव्ही जरासा जरी गळायला लागला तर मोटार बंद झाल्यावर पाईपातलं पाणी हळूहळू खाली उतरतं, वरचा एनआरव्ही आणि पाणी सोडायची चाकी बंद असल्यामुळे वरून हवा आत येऊ शकत नाही आणि मधे पोकळी तयार होते. हवेचा दाब पाण्याचा खांब जास्तीत जास्त 10 मीटर धरून ठेवतो, आमचं उभं पाणीच 60 फूट म्हणजे 18 मीटर खाली, म्हणजे वर सात-आठ मीटर पाईप चक्क रिकामा. मग मोटार चालू झाली की खालून पाणी जोरात वर येऊन त्या रिकाम्या जागेत वरच्या एनआरव्हीवर आदळतं. त्या दणक्याने आटे सुटतात, पाईप फुटतो. म्हणून एनआरव्ही नेहमी खाली, पंपाजवळ, पाण्यात. आमच्या खोलीला तेवढे दोन पुरे, खूप खोल बोअर असेल तर मधे आणखी एखादा लागतो.

मग तो म्हणाला की ठीक आहे, पण एनआरव्हीच्या झडपेला बारीक भोक पाडू, म्हणजे मोटार बंद झाल्यावर पाणी खाली उतरेल आणि पुढे कधी काढायची झाली तर रिकामा पाईप ओढायला हलका. आमच्याकडे बरेच जण असं करतात, त्यात फायदा काढणाऱ्या माणसाचा आहे, मोटारीचा नाही. भोकातून पाणी उतरायला लागलं की ते पंपातून उलटं जातं आणि त्याचा जोर जास्त असला तर पंखे उलटे फिरवतं. शेतीच्या लाईनला लाईट जाते-येते, ऑटो स्टार्टर बसवलेला असतो, उलटा फिरणारा पंप अचानक सुलटा चालू झाला की शाफ्टवर किंवा कपलिंगवर जो झटका बसतो त्याने ते तुटू शकतं. शिवाय पाईप रोज रिकामा होत असेल तर दर वेळी मोटार बिनदाबाची सुरू होते, पंखे वर उचलले जातात आणि थ्रस्टची झीज होते. मी स्पष्ट सांगितलं, भोक पाडायचं नाही, काढायची वेळ येईल तेव्हा चेन पुलीचं भाडं मी देईन. त्याने ऐकलं. आणि ऑटो स्टार्टरला लाईट आल्यावर थोडा उशीर करून चालू व्हायचा टायमर लावून घेतला.

लावायच्या आधी एनआरव्ही हातात घेऊन तपासला. बाणाची दिशा वर, खालून बोटाने ढकलली की झडप सहज उघडते, वरून पाणी ओतून धरलं तर खाली थेंब नाही. नवीन आहे म्हणून तसाच लावू नये, झडपेखाली कारखान्यातला प्लॅस्टिकचा तुकडा अडकलेला मी दुसऱ्याकडे पाहिलाय.

मोटार पाण्याने भरायच्या प्रकारची होती. वरचे दोन्ही बोल्ट काढून एका भोकातून स्वच्छ पिण्याचं पाणी ओतलं, दुसऱ्यातून हवा बाहेर. भरल्यावर मोटार थोडी हलवली, तिरकी केली, बुडबुडे आले, परत भरलं, आणि थोडा वेळ उभी ठेवून पुन्हा बघितलं तर पातळी परत खाली गेलेली, मग परत भरलं. हे घाईत केलं तर आत हवा राहते आणि बेअरिंग कोरडं चालतं.

त्यानंतर केबलचा जॉइंट. माझ्या मते सगळ्या कामात मन लावायची जागा हीच. तीन कोअरची चपटी केबल, 2.5 स्क्वेअर एमएम. 60 मीटरची घेतली, मध्ये एकही जोड नको म्हणून अखंड. तिन्ही कोअर वेगवेगळ्या लांबीवर कापल्या म्हणजे तिन्ही जोड एकाच जागी येत नाहीत, जॉइंट जाड होत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. तांब्याची नळी घालून क्रिम्प केलं. त्यावर रबराची टेप, ती ओढून ताणून अर्धी एकावर एक चढवत गुंडाळायची, म्हणजे ती स्वतःच एकजीव होते. त्यावर पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप पाण्यात काही महिन्यांत सुटते. जॉइंट बादलीत बुडवून तासभर ठेवला आणि वीज आवरणातून कुठे गळते का ते मोजणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरने कोअर आणि पाणी यांच्यामध्ये मोजलं, काटा 100 मेगओहमच्या पुढे. मग तिन्ही फेजमधला रेझिस्टन्स एकमेकांशी जुळतो का तेही पाहिलं.

आता सोडायचं काम. त्याआधी बोअरमध्ये साडेचार इंची पाईपचा पाच फुटी तुकडा दोराने सोडून 165 फुटांपर्यंत खाली-वर करून घेतला, कुठे खडक पुढे आलाय का, बोअर वाकडा आहे का ते कळतं. अडकायचंच असेल तर तो तुकडा अडकू दे, मोटार नको. आणि काम चालू असताना बोअरच्या तोंडावर पाईपभोवती गोणपाट कायम गुंडाळून ठेवायचं. पाना, नट, अगदी लाकडाची पाचर जरी आत पडली तरी ती पंप आणि खडकाच्या मधे जाऊन बसते आणि मग तो पंप वर येत नाही.

दोर 12 एमएमचा पॉलिप्रॉपिलीनचा घेतला. दुकानदार 8 एमएम पुरतो म्हणत होता, नवा असताना तो टनभर पेलतो हे खरं, पण गाठ मारली की दोराची ताकद जवळजवळ निम्मी होते, वर्षं गेली की आणखी कमी, आणि पाईप तुटला तर ते दीडशे किलो हळूच दोरावर येत नाहीत, झटक्याने येतात. पंपाच्या तोंडाला दोर बांधायला दोन डोळे असतात. दोर दोन्हीतून ओवून फासा न सरकणारी गाठ मारली आणि सुटं टोक वीतभर ठेवून मूळ दोराला टायने बांधून टाकलं.

पहिला पाईप पंपाला लावला, घोडीने उचलला, बोअरमध्ये सरळ धरला आणि केसिंगवर क्लॅम्पची जोडी सॉकेटच्या खाली बसवून त्यावर वजन टेकवलं. मग एनआरव्ही, दुसरा पाईप, पट्ट्याच्या पान्याने शेवटपर्यंत घट्ट. हा घट्टपणा महत्त्वाचा, कारण मोटार चालू होताना दर वेळी पाईपला पीळ बसतो आणि सैल राहिलेला आटा त्या पिळाने थोडा थोडा उकलत जातो. मग चेन पुलीने जरा उचलायचं, क्लॅम्प काढायचा, 10 फूट खाली सोडायचं, वरच्या सॉकेटखाली दुसरी क्लॅम्पची जोडी. एक जोडी बसली आणि वजन तिच्यावर टेकलं हे हात लावून बघितल्याशिवाय पुलीचा हूक सोडायचा नाही.

केबल एका बाजूला, दोर बरोबर विरुद्ध बाजूला, आणि हा क्रम शेवटपर्यंत मोडायचा नाही. नवा पाईप आवळताना वरचाच पाईप फिरतो, खालचा क्लॅम्पमध्ये धरलेला असतो, त्यामुळे दोर आणि केबल वरच्या पाईपपासून दूर धरायला एक माणूस वेगळा उभा केला. ते काम चुलतभावाने केलं आणि कंटाळा न करता केलं. तो नसता तर प्रत्येक आवळणीला दोराचा एक वेढा पाईपभोवती बसला असता, 16 पाईपांत दोर आखूड पडला असता आणि काढताना केबलही त्यात फसली असती.

केबलला कॉलम पाईपच्या मापाच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात, त्या घेतल्या, सोबत काळे नायलॉन टाय. पांढरे टाय वरच्या उन्हाच्या भागात कडक होऊन तुटतात म्हणून काळे. आमच्याकडे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बांधायची पद्धत आहे, त्या केबलला काचत नाहीत हे चांगलं, पण पाण्यात सैल पडतात. प्रत्येक सॉकेटच्या वीतभर खाली एक क्लिप आणि वीतभर वर एक, आणि त्या दोघींच्या मधे केबल सॉकेटवरून जाताना बोटभर ढिली. ताणून बांधली तर पाईप वजनाने जरासा लांबला की ताण केबलवर येतो. फार ढिली ठेवली तर केबलचा फुगवटा खडकाला घासतो. मोटार चालू-बंद होताना पाईप थरथरतो, आणि दर थरथरीला केबल जिथं सुटी असेल तिथं घासते, आमच्या जुन्या केबलचं सॉकेटच्या कडेला तेच झालं होतं. दोराला क्लिपमध्ये घट्ट आवळला नाही, दर तीन पाईपांनी टायचा सैल फेरा दिला, तो जागेवर राहावा एवढ्यासाठी. ड्रिपची नळीही केबलच्या बाजूनेच बांधत आणली, टोक 155 फुटांवर, म्हणजे पातळी कधीही मोजता येते.

दर चार पाईपांनंतर थांबून मेगर लावला. मिस्त्रीला हे जरा जास्तच वाटलं, पण यात दोन मिनिटंच जातात, आणि केबल कुठे सोलली गेली तर तिथंच कळतं, 160 फूट सोडल्यावर नाही. बाराव्या पाईपला आकडा 60 मेगओहमपर्यंत उतरलेला दिसला. सोळाव्यालाही तो 60 च राहिला, म्हणजे पाण्यात बुडाल्यावर थोडा उतरला एवढंच. नवीन मोटार बोअरमध्ये असताना 2 मेगओहमच्या खाली आकडा दिसला असता तर मी सगळं परत वर काढायला लावलं असतं.

शेवटच्या पाईपला वरचा अडॅप्टर, त्याच्याखाली कायमचा क्लॅम्प केसिंगवर टेकवला. दोर मात्र या क्लॅम्पला किंवा पाईपला बांधला नाही, केसिंगला वेगळी कडी वेल्ड करून घेतली होती, तिला बांधला. पाईपचा क्लॅम्प सरकला तर दोरही त्याच्याबरोबर जायला नको. बांधताना हाताने ओढून सरळ केला, ताणला नाही. ताणला तर वजन दोर आणि पाईपमध्ये वाटलं जातं आणि दोर कायम ताणाखाली झिजतो. दोन-तीन फूट ढिला ठेवला तर पाईप तुटल्यावर मोटार तेवढी खाली पडून झटका बसणार. उरलेला दोर कापून टाकला. तो आत कोंबायचा नाही, कारण आत सोडलेलं वेटोळं कधीतरी खाली घसरतं. वर झाकण, बेंड, प्रेशर गेज आणि चाकी.

चालू करताना चाकी एक तृतीयांश उघडी ठेवली. वरचा पाईप रिकामा, मागे दाब नाही, पूर्ण उघडी चाकी ठेवली तर पंखे वर उचलून घासतात, ते वर सांगितलंच. पहिलं पाणी यायला पाऊण मिनिट लागलं, उभ्या पाण्याच्या वरचा रिकामा पाईप भरायला थोडा वेळ लागणारच. पाणी गढूळ, पण ते चालू-बंद न करता तसंच चालू ठेवलं, कारण बंद केलं की गाळ परत पंपात बसतो. पाणी नितळ झाल्यावरच चाकी हळूहळू उघडली.

पाणी अपेक्षेपेक्षा कमी वाटत होतं. चाकी काही सेकंद पूर्ण बंद करून गेज बघितला तर 3 किलो. या पंपाचं बंद चाकीला हेड 90 मीटर, त्यातून पातळीचे 18 मीटर वजा केले तर गेजवर 7 च्या आसपास यायला हवे होते. म्हणजे मोटार उलटी फिरत होती. थ्री फेजला हे होतंच, उलटा पंपही पाणी देतो त्यामुळे पाणी आलं म्हणजे बरोबर असं समजून लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात. मेन बंद करून स्टार्टरमधल्या दोन वायरी बदलल्या, परत लावलं, चाकी बंद करून गेज 7 वर. चाकी उघडली तर ड्रम सव्वादोन मिनिटांत भरला. करंट तिन्ही फेजला 6.4 ते 6.6 अँपिअर, प्लेटवरच्या आकड्याच्या आत, ओव्हरलोड रिले प्लेटच्या आकड्यावर लावला आणि ड्राय रनचा रिलेही जोडला, कारण एखाद्या वर्षी पातळी 160 पर्यंत गेली तर मोटार आपोआप थांबायला हवी.

एनआरव्हीची खात्री दुसऱ्या दिवशी केली. रात्री बंद करताना चाकी उघडीच ठेवली होती, सकाळी बटण दाबल्या दाबल्या पाणी आलं, पाऊण मिनिटाची वाट नाही आणि बेंडमधून हवा फुरफुरल्याचा आवाज नाही, म्हणजे पाईप रात्रभर भरलेला राहिला. पुढे कधी बंद केल्यावर खाली खळखळ ऐकू यायला लागली किंवा पाणी यायला वेळ लागायला लागला तर एक तर झडप गळतेय किंवा कुठला तरी जोड. यातलं कुठलं ते वर काढल्याशिवाय कळत नाही, पण पाईप फुटायच्या आधी तेवढी सूचना मिळते.

पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवलंय: बोअर 240, तळ 228, मोटार 160, पाईप 16, एनआरव्ही पहिल्या पाईपवर, नळी 155, करंट 6.5, मेगर 60. मेगर दर सहा महिन्यांनी लावणार, आकडा घसरत चालला तर केबल कुठेतरी घासायला लागली असं समजून उन्हाळ्याआधीच मोटार वर घ्यायची.